डोळ्यातला फेस थेंबांनी जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. नेत्र सहाय्यकाची नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या शेजारी धुणीभांडी करणाऱ्या बाईंचा चार वर्षांचा मुलगा गेल्या महिन्यात पाहिला. दिवसभर अंगणात हुंदडणारा हा पोरगा दिवेलागण झाली की पायरीवर बसून राही. आई म्हणाली, "अँधेरा होते ही दीवार पकड़ लेता है." त्याच्या दीड महिना आधी त्याला गोवर झाला होता, मागोमाग जुलाब. अंगातला 'अ' जीवनसत्त्वाचा साठा अशा वेळी झपाट्याने संपतो आणि अंधारात दिसेनासं होतं.

उजेडात नेऊन त्याला नाकाकडे बघायला लावलं. दोन्ही डोळ्यांत बुबुळाच्या बाहेरच्या बाजूला, पांढऱ्यावर, साबणाचा फेस वाळावा तसा राखाडी तिकोनी डाग होता. काजळ बसून कडा काळी पडलेली. आजूबाजूचं पांढरं निस्तेज, सुरकुतलेलं. आई रोज ओल्या कापसाने डाग पुसत होती आणि औषधाच्या दुकानातून आणलेले थेंब घालत होती. पुसला की फेस निघतो, पण पुन्हा जमतो, कारण त्वचेसारख्या कोरड्या झालेल्या पेशींचा तो थर असतो. डोळ्यात घालायच्या थेंबांनी तो बरा होत नाही. उपाय तोंडावाटे करावा लागतो.

आरोग्य केंद्रात त्याला त्याच दिवशी 'अ' जीवनसत्त्वाचं औषध दोन मिलीलिटर, म्हणजे दोन लाख युनिट, पाजलं. तेवढंच दुसऱ्या दिवशी आणि तेवढंच दोन आठवड्यांनी. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्रा कमी असते.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरगा एकटा नळावर गेला! डाग विरायला काही आठवडे लागले. मोठ्या मुलांत तो कधी कधी उपचारानंतरही तसाच राहतो, म्हणून नुसता डाग पाहून निदान करू नये. संध्याकाळी मूल चाचपडतं का, हे आईलाच विचारावं.

लसीकरणाच्या कार्डावर 'अ' जीवनसत्त्वाचा नवव्या महिन्याचा एकच डोस होता. पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी धरून एकूण नऊ मिळायला हवेत. कुटुंब कामासाठी गाव बदलत राहिलं आणि डोस राहून गेले. आपण आमच्या भागातल्या या डोसच्या पुढच्या फेरीची तारीख छापलीत तर बरं होईल.

बुबुळच निस्तेज किंवा दुधी दिसू लागलं, तर थांबू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. बुबुळ विरघळायला फार वेळ लागत नाही.

निघताना त्या बाईंनी हळूच विचारलं, बाटलीत उरलेलं आपण घेतलं तर चालेल का? त्यांना चौथा महिना आहे आणि त्यांनाही संध्याकाळी कमी दिसतं. मी घाईने नको म्हटलं. एवढी मोठी मात्रा पोटातल्या बाळाला बाधू शकते. गरोदरपणी रोज दहा हजार युनिटच्या वर जायचं नसतं, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने. उद्या त्यांना दवाखान्यात घेऊन जाणार आहे.

आपला,
एक निवृत्त नेत्र सहाय्यक
रामबाग, इंदूर