धारूरच्या सीताफळाला तीस सेकंद

प्रिय दत्ता,

तुमच्या गटाच्या सीताफळ गराचं सादरीकरण काल रात्री बसून सगळं पाहिलं. सव्वीस स्लाइड्स, बालाघाटच्या डोंगराचे फोटो, वहिनी गर काढतायत तो फोटो, सगळं झकास. खोलीत बसवून कुणी तासभर ऐकणार असेल तर त्यातलं काही काढू नकोस. पण पुढच्या महिन्यात तू इथे संभाजीनगरला प्रदर्शनाला येतोयस, आणि तिथे आइस्क्रीम कंपनीचा खरेदीवाला भेटलाच तर चहाच्या टपरीवर भेटेल. हातात कप, नजर फोनवर. तेवढ्यात लॅपटॉप कुठे उघडतोस?

तुला मिळतील तीस सेकंद, आणि तेवढ्यात निवांत बोलीत साठ-पासष्ट शब्द बसतात. म्हणून सव्वीस स्लाइड्सचा सारांश काढायला बसू नकोस, त्यातून नुसती विषयांची यादी हाती येईल. उलट्या बाजूनं ये. आधी ठरव की बोलणं संपल्यावर त्या माणसानं नेमकं काय करायचं. टपरीवर उभ्या उभ्या कुणी वर्षाचा करार करत नाही, पण ‘पाठवा नमुना’ एवढं म्हणू शकतो. मग एकेक स्लाइड समोर धर आणि विचार: ही नसेल तर तो नमुना मागवणार नाही का? गटाची स्थापना, सभासद, यंत्रांची यादी, पाच वर्षांचा अंदाज, सगळं गळतं. २०१६ साली बीडच्या सीताफळाला मिळालेलं भौगोलिक मानांकन काढताना तुझा जीव तुटेल, मला माहीत आहे. डब्यावर छापायला ते उत्तम आहे, पण खरेदीवाल्याची झोप त्यानं उडालेली नाही.

त्याची झोप उडते ती रंगानं. सीताफळाचा गर उघडा राहिला की काळा पडू लागतो. तापवून टिकवावा तर कडवट होतो, म्हणून गोठवण्याला पर्याय नाही. हे तुझ्या एकोणिसाव्या स्लाइडवर बारीक अक्षरात पडलंय, आणि मला विचारशील तर अख्ख्या सादरीकरणात विकण्यासारखं तेच आहे. त्यावरून मी असं बेतलंय:

‘नमस्कार, मी दत्ता, धारूरहून आलोय. सीताफळ आइस्क्रीम तुम्ही वर्षभर विकता, पण फळ येतं दोन-तीन महिने, आणि साठवलेला गर काळा पडतो ही सगळ्यांची तक्रार. आम्ही बालाघाटचं फळ पिकलं की त्याच दिवशी गर काढून उणे अठरा अंशाला गोठवतो. ऑक्टोबरचा गर जूनमध्ये उघडला तरी पांढरा निघतो. तुमच्याकडे एक बॅच करून बघायला पाच किलो पाठवू का?’

तांत्रिक आकडा त्यात एकच ठेवलाय, उणे अठरा. टनांचे आणि टक्क्यांचे आकडे कानावरून जातात. जूनचं वाक्य मात्र गेल्या हंगामाचं पाकीट फ्रीझरमधून काढून, उघडून, स्वतः बघितल्यावरच बोल. रंग जरा जरी उतरला असेल तर वाक्य बदल, कारण तो पाच किलोत हेच तपासणार आहे.

आणि ‘पाठवू का?’ म्हटलं की गप्प बस. तुला हे जड जाणार, गड्या. तो कप ओठाला लावेल, तू घाबरून यंत्रांविषयी सुरू होशील, आणि मग ‘ठीक आहे, कार्ड द्या’ म्हणून तो सटकेल. थांबलास तर तो विचारेल: माल गोठलेलाच पोहोचतो का, भाव काय, बिया राहतात का? गाळलेल्या स्लाइड्स इथे कामाला येतात. एका प्रश्नाला एक वाक्य, जास्त नाही.

पाठ करून म्हणू नकोस. फोनवर रेकॉर्ड कर आणि ऐक. ‘मूल्यवर्धन’, ‘शाश्वत’ असलं काही तोंडून निघालं तर तो स्लाइडचा अवशेष समज. मग आपल्या अप्पांना एकदाच ऐकव, जेवण होऊ दे, आणि विचार की दत्ता काय विकतो. ‘सीताफळाचा काळा न पडणारा गर’ म्हणाले तर जमलं. ‘काहीतरी कंपनी काढलीय’ म्हणाले तर पुन्हा बस.

बँकेचा साहेब भेटला तर हेच बोलू नकोस बरं. त्याला रंगाशी देणंघेणं नाही. फळाचे पैसे दोन-तीन महिन्यांत मोजावे लागतात आणि गराचे वर्षभर थोडे थोडे येतात, म्हणून खेळतं भांडवल हवंय, तिथून सुरुवात कर. त्याचं वेगळं लिहून पाठव, मी बघतो.

येताना एक पाकीट बर्फात घालून आण. घरी सगळे विचारतायत.

तुझाच,
सुधीर