संत्र्याचा हात

मोर्शी,
2 डिसेंबर

प्रिय शुभांगी,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याचे कारण आज लिहिते आहे. माझ्या शुगरविषयी घराबाहेर फक्त तुला ठाऊक होते. वसतिगृहात येताना आईने बजावले होते की कोणाला सांगू नकोस, उद्या लग्नाच्या वेळी हेच पुढे येईल, आणि मी ते इतके पाळले की इन्सुलिन न्हाणीघरात घेत असे आणि तपासणी रात्री दिवा मालवल्यावर पांघरुणाखाली, मोबाईलच्या उजेडात करत असे. बोटाला टोचणी लावली की होणारा टक् असा आवाज दाबण्यासाठी मी खोकत असे.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी दीड तास खो-खोचा सराव झाला. साडेसातला मी रोजच्याप्रमाणे दोन्ही इन्सुलिन घेतले, जेवणाआधीचे स्वच्छ आणि रात्रभर पुरणारे पांढरट, आणि आठला भाकर-वरण जेवले. नंतर खोलीतल्या मंदाच्या घरून आलेली आंबिया बहाराची संत्री आम्ही तिघींनी सोलून खाल्ली. दहाच्या सुमारास पांघरुणाखाली तपासले, तर आकडा आला 268. मी घाबरले आणि कोणालाही न विचारता स्वच्छ इन्सुलिनचे आणखी चार युनिट घेतले.

तो आकडा माझ्या रक्ताचा नव्हता, शुभांगी. संत्रे सोलताना सालीचा आणि फोडींचा रस बोटांना लागतो, तो सुकतो आणि त्यातली साखर तिथेच राहते. ग्लुकोमीटरच्या पट्टीला रक्ताचा अगदी लहान थेंब लागतो, त्यामुळे तेवढी साखरही आकडा कितीतरी वाढवते. नुसते स्पिरिटच्या कापसाने पुसूनही ती पुरती जात नाही, हात पाण्याने धुवावेच लागतात. मला हे शिकवलेले होते. पण हात धुवायला उठले असते तर मंदाने विचारले असते की एवढ्या रात्री कशाला उठलीस, म्हणून मी उठले नाही.

पुढचे गणित डॉक्टरांनी नंतर समजावले. साडेसातच्या स्वच्छ इन्सुलिनचे काम अजून संपले नव्हते, त्यावर मी दहाला आणखी चढवले, आणि मध्यरात्रीच्या आसपास पांढरट इन्सुलिनचाही जोर सुरू झाला. त्यातच सरावाने थकलेले स्नायू कित्येक तास रक्तातली साखर ओढत राहतात. सगळे एकाच वेळी आले.

रात्री एकच्या सुमारास जाग आली. डिसेंबरच्या तोंडाची थंडी असूनही चादर पिळून काढावी इतकी भिजली होती. हात थरथरत होते. ग्लुकोजची पूड पेटीत, पेटीला कुलूप आणि किल्ली उशीखाली, एवढे मला कळत होते, पण किल्ली कुलपात जाईना. मेंदूला साखर मिळेनाशी झाली की साधी कामेही अशी अडतात. मंदा उठून म्हणाली, “काय करून राहिली वो तू? अंग काहून एवढं भिजलं?” मला “साखर” हा शब्दच सापडेना. मी तिच्यावर ओरडले म्हणे, मला ते आठवत नाही.

दिवा लावला तो रेखाने. ती शांतपणे म्हणाली, “हिची शुगर उतरली. माह्या आजोबाले असाच घाम सुटते.” महिन्यापूर्वी माझ्या खाटेखाली पडलेली पट्टी तिला सापडली होती, आणि मी सांगत नाही म्हणून तिनेही विचारले नव्हते. तिने आधी मला बसवून घोटभर पाणी दिले आणि मी गिळते आहे हे पाहिले. मग तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. साखरपाणी माझ्या हातांवर सांडले होते, म्हणून मंदाने ते धुऊन कोरडे केले आणि मग रेखाने बोट टोचले. 43. पंधरा मिनिटांनी 61, तेव्हा पुन्हा तीन चमचे, आणि आणखी पंधरा मिनिटांनी 94. त्यानंतर त्यांनी मला दूध-बिस्किटे खायला लावली, कारण साखर लवकर वापरली जाते आणि इन्सुलिनचे काम तर सुरूच होते. तीन वाजता रेखाने मला उठवून पुन्हा तपासले. मी रडत होते आणि मंदा माझी ओली चादर बदलत होती.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना सगळे सांगितले. मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही ओतू नका, कारण ते श्वासनलिकेत जाते; कुशीवर वळवा आणि ताबडतोब दवाखान्यात न्या, हेही सांगितले. डॉक्टरांनी सरावाच्या दिवशी रात्रीचे इन्सुलिन दोन युनिटने कमी केले आहे आणि झोपताना आकडा मोठा दिसला तर हात धुऊन पुन्हा तपासल्याशिवाय काही घ्यायचे नाही, असे बजावले आहे.

आईला अजून कळवलेले नाही. पोळ्याला तू घरी आली होतीस तेव्हा तिने तुझे ऐकले होते, म्हणून विनंती करते की संक्रांतीला मी गावी येईन तेव्हा तूही ये. तिच्याशी बोलताना तू शेजारी असावीस असे मला वाटते. ग्लुकोमीटर आता खिडकीतल्या फळीवर, तेलाच्या बाटलीशेजारी असतो.

तुझी,
वैशाली