पंचनाम्यात न बसलेलं नुकसान

संपादक महोदय,
२०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरलं, पंचनामा झाला. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींच्या दारात मात्र पाणी आलंच नाही, म्हणून यादीत त्यांचं नाव नाही. पण त्या कामाला जातात ती चारही घरं पूरपट्ट्यातली. महिनाभर काम बंद, पगार बंद. "भिंत वली झाली न्हाई, पर चूल इझली," त्या म्हणाल्या. भिंती मोजणाऱ्या अर्जात बुडालेल्या मजुरीला रकानाच नव्हता, आणि मलाही तो कधी खटकला नव्हता.

स्त्रीवादी तत्त्वज्ञ सँड्रा हार्डिंग यांनी नेमकं हेच मांडलं: संशोधनाचे प्रश्नच अशा यादीबाहेर राहिलेल्यांच्या जगण्यापासून सुरू करा, वस्तुनिष्ठता वाढते. मात्र बाई असली की ही दृष्टी आपोआप येते, असं नाही. मावशींनाही आधी ते आपलं नशीबच वाटलं होतं. गल्लीतल्या बायकांनी एकत्र बसून खाडे मांडले, तेव्हा ते सगळ्यांचं नुकसान म्हणून दिसलं. पूर दोघींनी पाहिला, तरी मला हे नुकसान दिसलं नव्हतं. 'बायका' म्हणून आम्हा दोघींना एकत्र मोजलं, तर जात आणि वर्ग झाकले जातात. समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित स्त्रियांच्या जगण्यातून समाजाकडे पाहणं, मांडली ती म्हणूनच. पुढच्या पंचनाम्याच्या अर्जात 'बुडालेले कामाचे दिवस' हा रकाना हवा, आणि तो ठरवताना या बायका बैठकीत हव्यात.

— एक वाचक, कोल्हापूर