आशाताई, त्या सकाळसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

गावाचं आणि तुमचं नाव लिहीत नाही. पण लातूर जिल्ह्यातल्या आमच्या भागात सोयाबीनच्या राशी चालू असताना तुम्ही आमच्यासाठी जे केलं, ते चारचौघांत सांगावंसं वाटतं.

कितीतरी महिने आम्ही दोघं वाट बघत होतो. पाळी आली की हे काही न बोलता शेताकडं निघून जायचे आणि मी भांडी घासत बसायचे. आत्याबाई तोंडानं काही म्हणायच्या नाहीत, पण शेजारी बारसं असलं की घरात कुणी कुणाकडं बघायचं नाही. त्या वेळी तुम्हीच यांना समोर बसवून सांगितलंत, "वर्षभर वाट बघा. तरीबी नाही झालं तर तपासणी दोघांची करायची, एकट्या पोरीची नाही." घरातल्या पुरुषाला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

मग त्या महिन्यात तारीख उलटली. मी त्याच सकाळी तुमच्याकडं किट मागायला आले, आणि तुम्ही दिलं नाही. राग आला होता, ताई. तुम्ही कॅलेंडर काढून माझ्या मागच्या पाळ्या मोजल्या. कधी अठ्ठावीस दिवसांनी, कधी चौतीस-पस्तीस दिवसांनी. "तुझी पाळी पुढं-मागं होते. बीज उशिरा सुटलं असलं तर गर्भ रुजतोबी उशिरा. गर्भ रुजल्यावरच ते हार्मोन तयार होतं, अन् लघवीत पुरेसं उतरायला आणखी दिवस जातात. आज केलीस तर दिवस गेलेले असूनबी एकच रेघ यायची अन् तू रडत बसशील." सगळ्यात लांबलेली पाळी धरायची आणि त्यावर आठवडा जाऊ द्यायचा, असं ठरलं. तो आठवडा आम्ही कसा काढला ते आम्हालाच ठाऊक. पोटात जरा कळ आली की काळजात धस्स व्हायचं.

आदल्या संध्याकाळी 'निश्चय'चं पाकीट तुम्ही पदराआड आणून दिलंत, गल्लीत चर्चा नको म्हणून. सकाळची पहिली लघवी, कोरडी स्वच्छ वाटी, पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब, पट्टी सपाट जागी, आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावायची. सगळं तसंच केलं. हे दाराशी उभे होते, आत यायचं धाडस होईना. 'सी'जवळची रेघ लगेच उमटली. 'टी'जवळ काहीच नव्हतं. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, तो थरथरत होता. पाच मिनिटं भरता भरता तिथं काहीतरी दिसलं, इतकं फिकट की उजेडाकडं धरावं लागलं. "हे धरायचं का नाही?" ह्यांनी विचारलं. मला बोलताच येईना. ह्यांनी तुम्हाला फोन लावला आणि तुम्ही चुलीवरचा तवा उतरवून आलात.

तुम्ही आधी विचारलंत, "रेघ किती वाजता दिसली?" वेळेत दिसली असेल आणि रंग गुलाबी असेल तर फिकट असली तरी ती रेघच, हे तेव्हा कळलं. पट्टी तशीच पडून वाळली की मागाहून राखाडी ओरखडा उमटतो, तो धरायचा नाही. 'सी'ची रेघच आली नसती तर ती पट्टी बाद. आम्ही हसायला लागलो तेव्हा तुम्ही हातानं थांबवलंत. "दोन दिवस कुणाला सांगू नका. परवा परत करू. सगळं नीट असलं तर ते हार्मोन सुरुवातीला दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, रेघ गडद व्हायला पाहिजे."

तिसऱ्या सकाळी रेघ दुरूनही दिसत होती. हे तिथंच खाली बसून रडले. लग्नापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तुम्ही मात्र तेव्हाही सावध होतात. पट्टी दिवस गेल्याचं सांगते, गर्भ गर्भाशयातच आहे का ते सांगत नाही, म्हणून सोनोग्राफी करायची. त्याआधी पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर रात्र असली तरी थांबायचं नाही, थेट दवाखाना. हे तुम्ही ह्यांच्याकडून दोनदा वदवून घेतलंत. फॉलिक ॲसिडच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू केल्या.

आनंदाच्या भरात हे आमच्या ध्यानात आलं नसतं. आणि एकच रेघ आली असती तरी तुम्ही तवा उतरवून आला असतात, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्यासाठीच हे पत्र.

आत्याबाईंना काल सांगितलं. सोमवारी उपकेंद्रात नाव नोंदवायला आम्ही दोघं येतोय, हेही सुट्टी काढून.

तुमची,
वरच्या आळीतली सून