अ‍ॅडव्हान्स देण्याआधी फीतपट्टी काढा

महोदय,

गणपतीला तीन आठवडे उरले की ठाण्यातल्या बहुतेक मंडळांच्या बैठकीत एकच वाक्य ऐकू येते : ‘परवानगीचं काम चालू आहे.’ खजिनदार म्हणून मला या ‘चालू आहे’ची धास्ती वाटते. कागद नेमका कोणत्या टेबलावर आहे, तिथे कशासाठी अडला आहे आणि कोण, कधी जाणार आहे, यातले काहीच त्यातून कळत नाही.

परवानग्या एकमेकींत अडकलेल्या असतात. पोलीस ठाणे, वाहतूक शाखा आणि अग्निशमन दल यांचे ना-हरकत दाखले आल्याशिवाय महापालिकेची मंडपाची अंतिम परवानगी हाती पडत नाही. तात्पुरत्या वीजजोडणीच्या अर्जालाही मंडपाच्या परवानगीची प्रत लागते. या सगळ्याच्या मुळाशी एक साधा नकाशा असतो : रस्ता किती रुंद, मंडप किती खोल, वाहनांना आणि चालणाऱ्यांना किती जागा उरते.

आमच्या शेजारच्या मंडळाने नकाशात मंडपाची खोली 20 फूट दाखवली होती. मंडपवाल्याकडे तयार सांगाडा होता 24 फुटांचा आणि अर्धे पैसे आधीच देऊन झाले होते. पाहणीला आलेल्या माणसांनी फीत लावली आणि दाखला थांबला. नवा नकाशा काढायचा तर पुन्हा सगळ्या टेबलांची वारी, नाहीतर सांगाडा कापायचा. मंडपवाला म्हणाला, “कापतो, पण वेगळे पैसे पडतील.” मीटरचा अर्जही तेवढे दिवस अडला. ठाण्यातलेच डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने रस्त्यावरच्या मंडपांबाबत कडक आदेश दिले आहेत. तेव्हा ‘चार फुटांनी काय बिघडतं’ ही समजूत आता सोडलेली बरी.

आम्ही मंडपवाल्याला जागेवर नेतो, त्याच्याकडूनच मापे घेतो, नकाशावर त्याची सही घेतो आणि मगच अ‍ॅडव्हान्स देतो. 1,20,000 रुपयांचे काम असेल तर 40,000 सुरुवातीला, 50,000 मंडप उभा राहून मापे जुळल्यावर. उरलेले 30,000 विसर्जनानंतर, तेही सगळे खड्डे बुजवून झाल्यावर. मंडपवाल्यांना ही अट आवडत नाही, कारण विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्यांची माणसे नवरात्रीच्या कामाला लागलेली असतात. पण खड्डे तसेच राहिले तर महापालिकेचा दंड मंडळाच्या नावाने येतो, मंडपवाल्याच्या नाही.

साउंडवाल्याशीही कोणत्या दिवशी किती वाजेपर्यंत, हे आधीच बोलून ठेवावे. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला मिळणारी 12 पर्यंतची सवलत वर्षात जास्तीत जास्त 15 दिवसांची असते आणि त्यातले गणपतीच्या वाट्याला येणारे दिवस सरकारी आदेशात ठरतात. दहाही दिवस 12 पर्यंतचे भाडे ठरवून बसलेली मंडळे मी पाहिली आहेत.

– एका मंडळाचा खजिनदार, नौपाडा, ठाणे