उद्देशिका यंत्राने लिहिलेली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या सोसायटीतल्या एका मुलीने तिच्या कॉलेजात राज्यशास्त्राचा प्रकल्प दिला. विषय संविधानाची उद्देशिका, म्हणून सुरुवातीलाच तिने संपूर्ण उद्देशिका उतरवून काढली होती. कॉलेजने प्रकल्प ‘एआय डिटेक्टर’मधून काढला आणि बहुतांश मजकूर यंत्रलिखित असल्याचा शेरा मारून परत केला. अहवालात सर्वांत गडद रंगवलेला भाग होता ‘आम्ही, भारताचे लोक’ पासूनचा. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेला आणि १९७६च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने थोडा बदललेला हा मजकूर आहे. माझे काम भाषा-मॉडेलांशी, म्हणजे मजकूर लिहिणाऱ्या एआय यंत्रणांशी, संबंधित असल्याने तिच्या पालकांनी अहवाल मला दाखवला. पुण्यातल्या इतर शिक्षकांपुढेही असे अहवाल येत असणार, म्हणून हे पत्र.

यातले अनेक डिटेक्टर एकच गोष्ट मोजतात: पुढचा शब्द मॉडेलला किती अनपेक्षित होता. याला ‘परप्लेक्सिटी’ म्हणतात. मॉडेल प्रत्येक जागी पुढच्या शब्दांची शक्यता वर्तवते. प्रत्यक्षात आलेल्या शब्दाला त्याने सरासरी चाळिसात एक शक्यता दिली असेल, तर परप्लेक्सिटी ४०. शंभरात पंचाण्णव दिली असेल, तर जेमतेम १.०५. यंत्र स्वतः लिहिताना बहुधा शक्यतेतलेच शब्द निवडते, म्हणून आकडा लहान असला की मजकूर यंत्राचा, असा निष्कर्ष काढला जातो.

घोटाळा इथेच होतो. उद्देशिका पाठ्यपुस्तकांत, सरकारी संकेतस्थळांवर, भाषणांत असंख्य ठिकाणी जशीच्या तशी आहे. मॉडेलच्या प्रशिक्षणात ती इतक्या वेळा येते की त्याला ती पाठच होते. ‘सामाजिक, आर्थिक व’ एवढे वाचल्यावर साध्या मराठी लेखात पुढे ‘राजकीय’ येईल, ‘सांस्कृतिक’ येईल, आणखीही काही येईल. उद्देशिकेत मात्र ‘राजनैतिक न्याय’ आहे आणि पाठ असलेले मॉडेल नेमके तेच धरून बसते. ते शब्द कोणी लिहिले हे त्या आकड्याला कळत नाही. मॉडेलने ते आधी पाहिले आहेत एवढेच कळते.

अमेरिकेत हे २०२३ मध्येच उघड झाले. १७८७ साली लिहिलेली त्यांची राज्यघटना डिटेक्टरांनी यंत्रलिखित ठरवली, बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकाचेही तेच झाले. पुढे दोन मॉडेलांचे आकडे ताडून पाहणाऱ्या सुधारित पद्धती निघाल्या, पण अमेरिकेची राज्यघटना त्यांतही फसली. त्याच काळातला एखादा अप्रसिद्ध पत्रव्यवहार मात्र सहसा सहीसलामत सुटतो, कारण तो मॉडेलला पाठ नसतो.

विद्यार्थ्याचे खरे नुकसान पुढे होते. समजा, निबंधाचा अर्धा भाग उद्देशिका आहे, आकडा १.०५. उरलेला अर्धा मुलीचा स्वतःचा, आकडा ४०. हे आकडे गुणाकाराने एकत्र होतात: १.०५ गुणिले ४० म्हणजे ४२, त्याचे वर्गमूळ साधारण ६.५. डिटेक्टरची सीमा १० असेल, तर सगळा निबंध यंत्राच्या खात्यात जातो. तिने स्वतः लिहिलेली वाक्ये निर्विवाद मानवी असूनही.

पाठांतर ओळखता येते. यंत्राच्या ताज्या लिखाणातही मधूनमधून अनपेक्षित शब्द येतात, त्यामुळे आकडा खालीवर होत राहतो. पाठ असलेल्या मजकुरात तो ओळीमागून ओळ एकाला चिकटून राहतो. म्हणजे आकडा संशयास्पद वाटावा इतका कमी असेल, तर आधी उद्धृत मजकुराचीच शंका घ्यावी. मग एक शब्द बदलून पाहावा. मी ‘राजनैतिक’च्या जागी ‘राजकीय’ टाकले. मराठीत हा शब्द कितीतरी अधिक रुळलेला, तरी मॉडेलला नेमका तिथेच धक्का बसला आणि पुढच्या शब्दांपासून आकडा पुन्हा खाली आला. नव्याने लिहिलेल्या मजकुरात इतका सोपा शब्द असा टोचत नाही. ज्यांच्याकडे शब्दागणिक आकडे दाखवणारे साधन नाही, त्यांनी मजकुराची पहिली अर्धी ओळ मॉडेलला द्यावी. उरलेला मजकूर त्याने अक्षरशः म्हणून दाखवला, तर तो त्याला पाठ आहे.

हा उपाय प्रसिद्ध मजकुरापुरताच आहे. विद्यार्थ्याची स्वतःची साधी, ठरावीक वळणाची वाक्येही कधीकधी अशीच पकडली जातात आणि तिथे शब्द बदलून काही सिद्ध होत नाही.

कॉलेजांना माझी विनंती एवढीच की, अवतरणे, कायद्याची कलमे, अभंग-ओव्या तपासणीआधी वगळाव्यात आणि उरलेल्या मजकुराचाच आकडा पाहावा. आणि तोही कमी आला, तरी विद्यार्थ्याला समोर बसवून त्याच्या मजकुरावर प्रश्न विचारल्याशिवाय शेरा मारू नये. या मुलीला तशी संधी मिळालेली नाही. तिचा प्रकल्प अजून ‘पुन्हा लिहा’ या शेऱ्यासह तिच्याकडेच पडून आहे.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे