जमा झाले आणि परत गेले: बँकेचे जोडसंदेश कसे वाचावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खात्यात अनपेक्षित रक्कम जमा झाल्याचा संदेश येतो आणि पाच-दहा मिनिटांत तेवढीच रक्कम वजा झाल्याचा दुसरा संदेश येतो. दुसरा संदेश पाहून खाते कुणीतरी लुटले, असे वाटून अनेकजण घाबरतात. काहीजण कार्ड बंद करून टाकतात आणि मग पुढचा आठवडा नव्या कार्डाची वाट पाहतात. बहुतेक वेळा ही बँकेने स्वतःची चूक दुरुस्त केल्याची नोंद असते, आणि ते संदेशावरूनच ओळखता येते. बँकेत खातेनोंदींचे काम केलेली व्यक्ती म्हणून ते कसे, हे सविस्तर लिहीत आहे.

समजा, खात्यात 18,240 रुपये 50 पैसे आहेत आणि पुढील दोन संदेश आले (मजकूर नमुन्याचा आहे, प्रत्येक बँकेची शब्दरचना थोडी वेगळी असते):

```
10:42 Rs 46500.00 credited to A/c XX4821
Ref 515610420077 Avl Bal Rs 64740.50

10:49 Rs 46500.00 debited from A/c XX4821
REV Ref 515610420077 Avl Bal Rs 18240.50
```

नजर साहजिकच रकमेवर जाते, पण आधी शेवटची शिल्लक पाहावी. पहिल्या संदेशापूर्वी जेवढी होती तेवढीच ती दुसऱ्या संदेशानंतर असेल, तर आपला एक पैसाही गेलेला नाही. मग रक्कम पैशांपर्यंत जुळते का ते पाहावे. चुकीची जमा उलटवताना बँक त्यातून शुल्क कापत नाही, त्यामुळे 46,500 जमा आणि 46,520 वजा असे दिसले तर ती जोडी नव्हे. त्यानंतर संदर्भ क्रमांक. उलट नोंदीत पुष्कळदा मूळ जमेचाच क्रमांक असतो आणि सोबत REV, RVSL किंवा Reversal असा शब्द असतो. काही बँका उलट नोंदीला नवा क्रमांक देतात. तेव्हा संदेशावर न थांबता ॲपमधील किंवा पासबुकातील नोंद उघडावी, तिथल्या तपशिलात मूळ क्रमांक बहुधा सापडतो.

वजा नोंद कोणत्या मार्गाने झाली, हीही मोठी खूण आहे. उलट नोंद बँकेच्या प्रणालीतून होते. तिच्यात कुणाचा यूपीआय पत्ता, एटीएमचे ठिकाण किंवा दुकानाचे नाव नसते. यांपैकी काही दिसले, तर रक्कम तंतोतंत जुळत असली तरी तो स्वतंत्र व्यवहार समजावा.

सर्वाधिक गोंधळ पगाराच्या दिवशी होतो. कंपनीची पगाराची फाइल चुकून दोनदा चालली, तर 46,500 दोनदा जमा होतात आणि नंतर एकदा वजा होतात. पहिले दोन संदेश नजरेतून सुटले आणि फक्त तिसरा वाचला, तर पगारच गेला असे वाटते. इथे शिल्लक 18,240.50 वरून 64,740.50, मग 1,11,240.50 आणि पुन्हा 64,740.50 अशी जाते. तिसऱ्या संदेशातली शिल्लक पहिल्या संदेशाइतकीच आहे, म्हणजे पगार खात्यात शाबूत आहे.

संदेशांचा क्रमही नेहमी खरा नसतो. मोबाइलचे जाळे अडखळले की वजा झाल्याचा संदेश आधी आणि जमेचा मागून पोहोचतो. म्हणून संदेश फोनवर आला ती वेळ न धरता खातेउताऱ्यातला नोंदींचा क्रम धरावा. मधल्या काळात आपणच 350 रुपयांची भाजी यूपीआयने घेतली असेल, तर शेवटची शिल्लक तेवढ्याने कमी, म्हणजे 17,890.50 दिसेल. ती तूट उलट नोंदीतली नव्हे.

मधल्या मिनिटांत त्या पैशाला हात लागला तर मात्र प्रकरण वाढते, आणि तो आपण न लावताही लागू शकतो. वरच्याच उदाहरणात 10:45 ला 20,000 रुपयांचा कर्जहप्ता आपोआप वळता झाला असे धरा. खात्यात मुळात तेवढे पैसे नव्हते, पण चुकीच्या जमेमुळे हप्ता गेला. आता उरले 44,740.50 आणि बँकेला परत घ्यायचे आहेत 46,500. कमी पडणारे 1,759.50 रुपये बँक उणे शिल्लक म्हणून दाखवते किंवा रक्कम जमेल तशी वसूल करण्यासाठी खात्यावर लीन, म्हणजे तेवढी रक्कम काढण्यावर बंदी, लावते. अशा वेळी शाखेत जाऊन तूट भरावी आणि लीन उठवल्याची नोंद पाहूनच निघावे. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 72 नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये युको बँकेत आयएमपीएस या झटपट पैसे पाठवण्याच्या सेवेतील बिघाडामुळे सुमारे 820 कोटी रुपये चुकीने जमा झाले, तेव्हा बँकेने खाती रोखून त्यातले सुमारे 649 कोटी वसूल केले होते.

एक भेद मात्र पक्का लक्षात ठेवावा. काही मिनिटांत आपोआप उलटते ती बँकेची किंवा प्रणालीची चूक. एखाद्या माणसाने खाते क्रमांक चुकवून आपल्याला पैसे पाठवले, तर ते असे आपोआप परत जात नाहीत. त्याला स्वतःच्या बँकेकडे तक्रार करावी लागते, आणि मग पैसे मिळालेल्या खातेदाराशी संपर्क साधून बँक संमती मागते. ठग नेमका याच भेदाचा फायदा घेतात. आधी जमेचा बनावट संदेश येतो, बहुतेकदा साध्या दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून, आणि लगेच फोन येतो, "दादा, दवाखान्याचे पैसे चुकून तुम्हाला आले, परत पाठवा ना." इथे वजा होणारी रक्कम आपण स्वतः पिन टाकून पाठवलेली असते, आणि मुळात जमा काहीच झालेले नसते. खातेउताऱ्यात जमा दिसत नसेल, तर ती झालेली नाही. खरोखर दिसली, तरी स्वतः पैसे न पाठवता त्या व्यक्तीला तिच्या बँकेमार्फत यायला सांगावे. खऱ्या उलट नोंदीसाठी बँकेला आपला ओटीपी, पिन किंवा लिंकवरचा क्लिक यांपैकी काहीही लागत नाही.

क्वचित बँक एकाच जमेची दोनदा उलट नोंद करते. वरच्या उदाहरणातले खाते त्यामुळे उणे 28,259.50 वर जाईल. तेव्हा खातेउतारा जोडून लेखी तक्रार द्यावी आणि तक्रार क्रमांक घ्यावा. 30 दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येते. वजा नोंद जोडीतली नाही आणि आपणही केलेली नाही असे दिसले, तर कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर बँकेला आणि सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनला त्याच दिवशी कळवावे. बँकेचा दोष नसून तिसऱ्याच कुणी केलेल्या अनधिकृत व्यवहारात, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या आणि स्वतः निष्काळजीपणा न केलेल्या ग्राहकावर नुकसानीचा भार पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे.

बँकांकडेही एक मागणी आहे. उलट नोंदीच्या संदेशात मूळ जमेची वेळ आणि क्रमांक सक्तीने असावा, आणि ज्यांनी खात्यासाठी मराठी निवडली आहे त्यांना "चुकून जमा झालेली रक्कम बँकेने परत घेतली" असे सरळ वाक्य यावे. REV ही तीन इंग्रजी अक्षरे पेन्शनवर जगणाऱ्या आजीला काहीच सांगत नाहीत.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा